नेपाळात पामचं एक झाड नाही, मग तिथून आपल्याकडे तेल कसं येतं? (व्यापारगट, सीमा आणि बंदरं)

मृदुला_दादर
मी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते. बारावीला व्यापारगट शिकवताना आपण सांगतो की शेजारच्या देशांच्या सीमा लागून असतात, रस्ते-रेल्वे जोडलेले असतात, वाहतूक स्वस्त पडते, म्हणून असे गट होतात आणि टिकतात. युरोपियन युनियन, आसियान, सार्क वगैरे. या आठवड्यात एका मुलाने वर्गात विचारलं, मॅडम, नेपाळ आपल्याला सोयाबीन तेल आणि पाम तेल विकतो असं वाचलं, पण नेपाळात पाम होतं का? मी म्हटलं नाही होत. मग तो म्हणाला त्यांना समुद्र पण नाही, म्हणजे ते तेल आपल्याच बंदरातून तिकडे जाऊन परत आपल्याकडे येतं का? आणि तसं असेल तर मधल्या वाहतुकीचा खर्च कोण कशाला करेल?
मला वर्गात समाधानकारक उत्तर देता आलं नाही. इथे बंदरात, बाजारात काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. सीमा लागून असणं हे कारण आहे की आणखी काही?

अण्णा_गिरगाव
अहो मॅडम सरळ आहे, ही स्मगलिंग आहे. नेपाळची सीमा उघडी, पासपोर्ट नाही व्हिसा नाही, कुणीही सायकलवर डबा टाकून इकडे येतो. उघडी सीमा आणि व्यापारगट एकत्र आले की हेच होणार.

तेलदलाल_मस्जिदबंदर
अण्णा, सायकलवरचे डबे असतील पण मॅडम विचारतायत तो माल टँकरने, कागदपत्रांसकट, कस्टममधून येतो. त्यात चोरी असेलच असं नाही.
मुलाचा अंदाज बरोबर आहे. क्रूड पाम इंडोनेशिया-मलेशियाहून आणि क्रूड सोयाबीन मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलहून जहाजाने निघतं. नेपाळचा माल कोलकाता किंवा हल्दियाला उतरतो (विशाखापट्टणमही त्यांना ट्रान्झिटसाठी उघडं केलंय). तिथून रेल्वे किंवा टँकरने रक्सौलला, सीमा ओलांडली की वीरगंज. वीरगंज आणि विराटनगरच्या बाजूला रिफायनऱ्या आहेत, तिथे ते शुद्ध होतं आणि त्याच रक्सौल-जोगबनीतून परत बिहार-उत्तर प्रदेशात. कोलकात्यापासून वीरगंज साधारण ७०० किलोमीटर. म्हणजे माल भारतातूनच गेला आणि भारतातच आला.
कारण जकात. भारतात क्रूड तेल आणलं की आयात शुल्क, नेपाळातून शुद्ध तेल आणलं तर साफ्टा या सार्क देशांच्या मुक्त व्यापार करारात शून्य. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने इथल्या शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव मिळावा म्हणून क्रूडवरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर नेलं आणि शुद्ध तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ वर. त्यानंतर नेपाळचा माल एकदम वाढला. बाजारात सगळ्यांना माहीत होतं असं होणार.

प्राजक्ता_डोंबिवली
पण पाम तेल खावं का मुळात? आमच्याकडे सासूबाई शेंगदाण्याचंच वापरतात, घाण्यावरचं. फरसाणवाले सगळे पामोलिन वापरतात म्हणून मी चिवडा घरीच करते.

तेलदलाल_मस्जिदबंदर
प्राजक्ताताई, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला :)

न्हावाशेवा_सीएचए
मी वीस-बावीस वर्षं सीएचए, म्हणजे कस्टम क्लिअरिंग एजंट आहे, तर ट्रान्झिट कसं चालतं ते सांगतो. नेपाळचा माल कोलकात्याला उतरला की त्यावर भारताची जकात लागत नाही, कारण तो भारतात येतच नाही असं कायदा मानतो, तो फक्त भारतातून जातोय. म्हणून कंटेनरला सील लागतं आणि ते सीमेपर्यंत तुटता कामा नये. आता त्यात इलेक्ट्रॉनिक सील आलंय, वाटेत कुठे थांबला, कुठे उघडला ते कळतं. पूर्वी वाटेतच माल उतरवण्याच्या तक्रारी फार असायच्या, अण्णांना जी चोरी वाटतेय ती खरं तर तिथे होऊ शकायची.
हा ट्रान्झिट करार आणि व्यापार करार हे दोन वेगळे करार आहेत हे मुलांना जरूर सांगा. जमिनीने वेढलेल्या देशाला व्यापारगटात नुसतं सामील होऊन भागत नाही, आधी समुद्रापर्यंतची वाट कुणीतरी द्यावी लागते. १९८९ च्या मार्चमध्ये भारत-नेपाळचे करार संपले आणि नवे झाले नाहीत तेव्हा भारताने बहुतेक नाकी बंद केली, नेपाळात रॉकेलपासून मिठापर्यंत टंचाई झाली. तेव्हा सार्क होतंच, पण सार्कच्या कागदाचं त्या नाक्यावर काहीच चालत नव्हतं.

विनायक_ठाणे
माझा अनुभव सांगतो. आमचं ठाण्याला पंपांचे सुटे भाग बनवायचं छोटं युनिट आहे, काठमांडूला माल जातो. ठाण्याहून रक्सौलला गाडी चार-पाच दिवसांत पोचते, आणि मग रक्सौलला उभी. कधी रेल्वे फाटक बंद, कधी पलीकडचं यार्ड भरलेलं, कधी कागदात वजन किलोने चुकलेलं. ड्रायव्हरचा भत्ता चढतो, गाडीवाला थांबण्याचे पैसे लावतो, गिऱ्हाईक रोज फोन करतं. एकदा तर आठवडाभर गाडी उभी राहिली आणि त्या खेपेचा नफा तिथेच गेला. लोक म्हणतात जकात शून्य म्हणजे व्यापार मोकळा, पण नाक्यावरचा एक दिवस एक-दोन टक्के जकातीएवढा पडतो हो. त्यामुळे तेलवाल्यांना हे दोनदा ओलांडून परवडतं कसं हे मलाही कळून घ्यायचंय.

तेलदलाल_मस्जिदबंदर
विनायकराव, हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे घेतोय, रोजचा भाव धरू नका.
हल्दियाला क्रूड किलोला १०० रुपये. भारतातल्या रिफायनरीने ते घेतलं तर जकात २७.५० आणि शुद्ध करायला ५, म्हणजे १३२.५० ला पडलं. आता नेपाळचा रिफायनरीवाला. त्याचंही क्रूड १००, वीरगंजपर्यंत जाऊन परत सीमेवर यायचं भाडं ८ धरा, शुद्ध करायला तेवढेच ५, झाले ११३. त्यांच्या देशात क्रूडवर जी जकात लागते ती आपल्यापेक्षा कमी, समजा १० रुपये, तरी १२३. म्हणजे रक्सौलला किलोमागे ९-१० रुपये फरक. आमच्या धंद्यात किलोमागे ५० पैशासाठी सौदे मोडतात, तिथे ९ रुपये म्हणजे काय ते तुम्हीच बघा. टँकर दोन दिवस उभा राहिला तरी चालतो.
आता हाच माल मुंबईला आणून बघा. रक्सौल ते मुंबई सतराशे-अठराशे किलोमीटर. आणि तेलाचा टँकर परत जाताना दुसरं काही भरू शकत नाही, रिकामा जातो, म्हणजे जायचं-यायचं दोन्ही भाडं मालावर. तो ९ रुपयांचा फरक वाटेतच संपतो. इकडे तर कांडला, मुंद्रा, न्हावाशेवा, सगळीकडे जहाज दाराशी उतरतं. म्हणून वाशीच्या घाऊक बाजारात नेपाळचं तेल जवळजवळ दिसत नाही, आणि पाटणा, गोरखपूर, मुझफ्फरपूरच्या बाजारात तिथल्या गिरण्या ओरडतात. जकात सगळ्या देशाला एक आहे पण तिचा मार नकाशावर ठरतो.

मृदुला_दादर
हे शेवटचं फारच उपयोगाचं आहे, फळ्यावर नकाशा काढून दाखवता येईल. पण मग एक शंका. कुठलाही माल शेजारच्या देशात नेऊन परत आणला की शून्य जकात, असं कसं चालेल? त्याला काही अट असेलच ना?

न्हावाशेवा_सीएचए
आहे. मूळ कुठलं याची अट. साफ्टामध्ये नेपाळ, बांगलादेश, भूतान अशा कमी विकसित देशांना थोडी सवलत आहे, मालाच्या किमतीत बाहेरच्या देशाच्या कच्च्या मालाचा वाटा ७० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, म्हणजे ३० टक्के किंमत तिथे वाढलेली पाहिजे. भारतासाठी ही अट ४० टक्क्यांची. त्याचं सर्टिफिकेट तिकडची नेमलेली संस्था देते आणि इकडे बिल ऑफ एंट्रीबरोबर लागतं.
आता नुसतं तेल शुद्ध करून ३० टक्के किंमत वाढते का? १०० च्या क्रूडवर ५ रुपये खर्च. हा प्रश्न कस्टमवाल्यांनाही पडला, म्हणून २०२० मध्ये नवे नियम आले, तेव्हापासून नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, आयात करणाऱ्याकडे माल कुठे, कसा, किती खर्चात बनला याची माहिती असावी लागते आणि मागितली की द्यावी लागते. माझ्या एका गिऱ्हाईकाचा आसियानमधून येणारा माल (तेल नव्हे, दुसरंच) यावरून अडकला होता. पुरवठादार म्हणाला माझं खर्चाचं पत्रक मी तुला का दाखवू, इकडे अधिकारी म्हणाले पत्रक नाही तर सवलत नाही, शेवटी पूर्ण जकात भरून माल सोडवला.

गणिती_विलेपार्ले
त्या ३० टक्क्यांत एक गंमत आहे ती कुणी बोललं नाही अजून. वाढलेली किंमत मोजतात ती विक्रीच्या किमतीवर, खर्चावर नाही. दलालसाहेबांचेच आकडे घेऊ. भारतात तेल १३२ ला पडतंय म्हणून नेपाळवाला सीमेवर १३० ला सहज विकेल. क्रूड १०० चं. म्हणजे १३० मधले ३० रुपये "नेपाळात वाढलेली किंमत", झाले २३ टक्के. जगाच्या बाजारात विकलं असतं, जिथे कुणाची जकात आड येत नाही, तर खर्चाएवढे ११३ मिळाले असते, म्हणजे साडेअकरा टक्के. तर हे वरचे साडेअकरा टक्के आले कुठून? आपल्या स्वतःच्या जकातीतून. आपण जकात वाढवली की इथला भाव वाढतो, त्यांना विक्रीची किंमत जास्त मिळते, आणि कागदावर त्यांची "भर" पण वाढते. म्हणजे जकात जितकी जास्त तितकी अट पाळायला सोपी!
तरी २३ म्हणजे ३० नव्हे. उरलेले ७ टक्के कुठून येतात हाच तपासायचा मुद्दा आहे. क्रूडची किंमत कागदावर कमी दाखवली तर येतात.

विनायक_ठाणे
किंवा भाडं. कोलकाता ते वीरगंज भाडं हे बाहेरच्या मालाच्या किमतीत धरायचं की नेपाळातल्या खर्चात? ते इकडचं तिकडे सरकवलं की तीन-चार टक्के हलतात. आमच्या मालात तर भाड्याचा वाटा फार मोठा असतो म्हणून विचारतोय.

अण्णा_गिरगाव
म्हणजे शेवटी मी म्हणतो तेच, नुसती कागदावरची चोरी.

न्हावाशेवा_सीएचए
अण्णा, सरसकट नाही म्हणता येत. ज्याने खरी किंमत दाखवली आणि अट पाळली त्याने कायदा मोडलेला नाही. आणि नेपाळच्या बाजूनेही बघा ना, आपणच त्या करारावर सही केलीय. त्यांच्या भारताशी व्यापारातली तूट प्रचंड आहे, पेट्रोल-डिझेलपासून सगळं इथून जातं, विकायला त्यांच्याकडे मोजक्या गोष्टी. वेलची, चहा, सूत. त्यांना हे एक दार उघडं दिसलं तर ते येणारच.
आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. १९९६ च्या भारत-नेपाळ व्यापार करारात भारताने तिथे किंमत वाढण्याची अटच काढून टाकली होती, नेपाळात बनलं एवढं सर्टिफिकेट बस. मग वनस्पती तुपाचे लोंढे आले. २००२ मध्ये करार बदलला, अट परत आली आणि वनस्पतीला वर्षाला १ लाख टनाची मर्यादा घातली. पुढे २०१९-२० च्या सुमाराला पामोलिन वाढलं, तर जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पाम तेल परवान्याशिवाय आणायला बंदी झाली, ती दीड वर्षाने उठवली. मग सोयाबीन तेल पुढे आलं. एक दार लावलं की दुसऱ्या दाराने.

मिलिंद_ऐरोली
मी मूळ प्रश्नाकडे येतो. मृदुलाताई, सीमा लागून असणं हे कारण नाही असं माझं मत. श्रीलंकेचं उदाहरण घ्या, मधे समुद्र. २००० साली भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार लागू झाला, आणि काही वर्षांतच तिथूनही वनस्पती यायला लागलं, तेही बाहेरून आणलेल्या पाम तेलाचं. तिथे उघडी सीमा नाही, रक्सौल नाही, फक्त जहाज. म्हणजे मूळ दोष करारात आहे, भूगोलात नाही. दोन देशांनी आपसात जकात शून्य केली पण बाहेरच्या जगासाठी दोघांची जकात वेगळी ठेवली, तर माल नेहमी कमी जकातीच्या दारातून आत येणार.

तेलदलाल_मस्जिदबंदर
अर्धं पटलं. दोष करारात हे खरं, पण तो माल कुठे पोचणार हे भूगोल ठरवतो. श्रीलंकेचं वनस्पती जहाजाने बंदरांत उतरायचं, नेपाळचा माल सीमेवरून येऊन उत्तरेचा बाजार हलवतो. आणि नेपाळचा सगळा माल आपल्याच बंदरातून जातो म्हणून आपल्याला तो दोनदा मोजता येतो, जाताना आणि येताना. श्रीलंकेचा जातानाचा आपल्याला दिसतच नाही.

सुहास_पूर्वी_मसेरू
मी काही वर्षं लेसोथोत, मसेरूला, बांधकामाच्या कामावर होतो म्हणून लिहितो. लेसोथो म्हणजे चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका, बाहेर जायला दुसरी वाटच नाही, नेपाळला निदान उत्तरेला चीन तरी आहे. आमचं सगळं सामान डर्बनला उतरायचं. पण तिथे ही तेलाची भानगड होऊच शकत नाही, कारण दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, लेसोथो, नामिबिया आणि एस्वातिनी यांची जकात एकच आहे. १९१० पासूनची ही संघटना. माल डर्बनला उतरला की जकात तिथेच, मग तो लेसोथोला जावो नाहीतर जोहान्सबर्गला. जमा झालेला पैसा एका गल्ल्यात आणि सूत्राने पाच देशांत वाटला जातो. लेसोथो सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तोच.
पण सगळं गोड नाही. जकात किती असावी हे खरं तर दक्षिण आफ्रिका ठरवते, तिच्या कारखान्यांना सोयीची. ज्या वर्षी गल्ला कमी भरतो त्या वर्षी लेसोथोत पगारांची ओढाताण. आणि पुलावरच्या रांगा काही जात नाहीत, कारण जकात एक असली तरी व्हॅट देशादेशाचा वेगळा, त्यामुळे मसेरू ब्रिजवर कागद दाखवायला थांबावंच लागायचं. मी सिमेंट मिक्सरचा एक भाग घ्यायला पलीकडच्या लेडीब्रँडला जायचो, गाव वीस मिनिटांवर आणि येताना रांगेत तास.

गणिती_विलेपार्ले
सुहास, हेच उत्तर आहे. भारत आणि नेपाळने बाहेरच्या तेलावर जकात एकसारखी ठेवावी, बास. निदान खाद्यतेलापुरती.

सुहास_पूर्वी_मसेरू
मग नेपाळची जकात दिल्लीत ठरेल, ते काठमांडूला कोण कबूल करेल? लेसोथोला तो गल्ल्यातला वाटा मिळतो म्हणून ते ऐकून घेतात. आपण नेपाळला काय देणार?

प्राजक्ता_डोंबिवली
एक साधा प्रश्न. एवढं सगळं होऊन आमच्या डब्याचा भाव कमी झाला की नाही?

तेलदलाल_मस्जिदबंदर
डोंबिवलीत नाही झाला, कारण वर सांगितलं, तो माल इथवर येत नाही. बिहारमध्ये घाऊक भावात थोडा फरक पडला. गिऱ्हाइकाला किती मिळाला आणि मधल्यांनी किती खाल्ला हे गावागावावर.
आणि मे २०२५ अखेरीस क्रूडवरचं शुल्क २७.५ वरून १६.५ वर आणलं, शुद्ध तेलावरचं ३५.७५ तसंच ठेवलं. माझ्या त्याच हिशेबात आता भारतातल्या रिफायनरीला तेल १२१.५० ला पडतं. नेपाळवाल्याचे १२३ होते. म्हणजे त्याचा फायदा आमच्या कागदावर तरी संपला, ज्याला तिकडे जकातीत सूट मिळते किंवा ज्याची रिफायनरी सीमेला खेटून आहे तो टिकेल. गणितीसाहेब, तुमची ती "भर" पण घटली बघा, १२१ मधले २१ म्हणजे १७ टक्के. अट पाळणं आणखी अवघड.

मिलिंद_ऐरोली
म्हणजे इकडे सोयाबीनच्या शेतकऱ्यासाठी लावलेली जकात अर्धवट उतरवावी लागली. लातूर-वाशिमच्या शेतकऱ्याला हे कोण समजावणार?

विदर्भातला_मुलुंडकर
आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, घरी सोयाबीन आहे. २०२४ च्या हंगामात जकात वाढूनही बाजार समितीत हमीभावाच्या खालीच विकलं गेलं. हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. त्यामुळे नेपाळमुळे भाव पडला असं मला वाटत नाही, आपल्याकडे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो, सोयाबीनमध्ये तेल असतं १८-२० टक्के, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला परदेशात मागणी नव्हती. तेलाची जकात कितीही हलवली तरी पेंड उठल्याशिवाय आमचा भाव उठत नाही.

तेलदलाल_मस्जिदबंदर
हे अगदी बरोबर आहे आणि मंत्रालयापर्यंत पोचायला पाहिजे.

मृदुला_दादर
सगळ्यांचे आभार. मी असं शिकवायचं ठरवलंय: आधी नकाशावर हल्दिया, रक्सौल, वीरगंज आणि परत पाटणा अशी रेघ, मग मुंबईची रेघ, आणि दोन्हीकडचा किलोमागचा हिशेब मुलांनीच करायचा. मग लेसोथो-डर्बन. पण मिलिंद आणि दलालसाहेबांचा वाद मी वर्गात तसाच ठेवणार आहे, दोष कराराचा की नकाशाचा.
न्हावाशेवावाल्यांना एक विचारायचंय. विनायकरावांनी विचारलेलं ते कोलकाता-वीरगंज भाडं, ते नक्की कुठल्या बाजूला धरतात? मुलं पहिलं तेच विचारतील.

न्हावाशेवा_सीएचए
करारात कच्च्या मालाची किंमत आयातीच्या वेळची, भाडं-विमा धरून, असं आहे. नेपाळसाठी आयातीची वेळ कोलकात्याला की वीरगंजला यावर मी दोन्ही बाजूंनी भांडणारे ऐकलेत. वीरगंज धरलं तर भाडं बाहेरच्या मालात जातं आणि अट आणखी कडक होते. माझं मत वीरगंज, कारण कोलकात्याला तो माल नेपाळात पोचलेलाच नसतो. रक्सौलचा एक जुना सीएचए ओळखीचा आहे, त्याच्याकडची खरी कागदपत्रं कशी भरतात ते विचारून इथेच टाकतो.